'थोडं कूल, थोडं मूडी' लिहिलं की काकी निळी येते: कलरिस्टच्या ब्रीफमधला घोळ कुठे असतो

चौथ्यांदा तेच झालं म्हणून लिहितेय. पावसात शूट केलेलं काहीही कलरला पाठवलं की पहिला ग्रेड निळा-करडा येतो, माणसं आजारी दिसतात. मग मी म्हणते वॉर्म कर, तर दुसरा येतो पिवळा, जुलैचं शेत मे महिन्यातल्या सड्यासारखं. तिसऱ्यापर्यंत दोघंही कंटाळलेले असतो आणि मधलंच काहीतरी लॉक होतं, जे मलाही आवडलेलं नसतं आणि त्यालाही. आधीच्या तीन वेळा मी सरळ कलरिस्टला दोष देऊन मोकळी झाले (मनातल्या मनात), पण तिन्ही वेळा कलरिस्ट वेगळे होते आणि दुखणं एकच, म्हणजे ते माझ्याकडूनच जात होतं.

मागच्या पावसाळ्यातलं काम सांगते, म्हणजे नीट कळेल. कुडाळच्या पुढे एका वाडीत लावणीवर 18 मिनिटांची फिल्म केली, जुलैचे नऊ दिवस, आभाळ सतत भरलेलं, ऊन एकदाच पडलं तेही आम्ही जेवायला बसलो तेव्हा. शूट S-Log3 मध्ये, 10 बिट, ड्रोनचे सहा शॉट सोडून. पहिला ग्रेड आला तो मी कौतुकाने फिल्ममधल्या काकींना दाखवायला गेले, त्यांच्याच पडवीत, फोनवर. त्यांनी फोन लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाल्या, "गो, मी मेलंय की काय? अशी निळी कित्याक दिसतंय?" यावर काय बोलणार.

मी पाठवलेलं ब्रीफ हे होतं, जसंच्या तसं:

"पावसाळी मूड हवा. थोडं कूल, थोडं मूडी, पण नॅचरल. कोकणचा हिरवा पॉप झाला पाहिजे. ओव्हरऑल सिनेमॅटिक. रेफरन्स फोल्डर जोडलाय."

फोल्डरात 23 फ्रेम. कुठल्या कुठल्या फिल्मांमधून फोनवर स्क्रीनशॉट मारलेल्या, सगळ्या सुंदर, आणि मला वाटलं होतं की एवढ्या दिल्यावर काय हवंय ते कुणालाही कळेल.

चिडून फोन केला तर कलरिस्टने शांतपणे स्क्रीन शेअर केली, एका बाजूला माझ्या फ्रेम, दुसरीकडे आमचा पडवीतला शॉट, आणि म्हणाला, "ताई, तुझ्या तेवीस फ्रेमपैकी सतरा फ्रेममध्ये दिवा लागलाय. तुझ्या फिल्ममध्ये मला एक दिवा दाखव."

मी परत बघितलं आणि खरंच. रॉकेलचा कंदील, खिडकीतला पिवळा बल्ब, गाडीचे लाइट, चूल. मला त्या फ्रेममध्ये 'निळा पाऊस' आवडत होता, पण तो निळा इतका छान दिसत होता कारण त्याच्या शेजारी चेहऱ्यावर पिवळा उजेड होता. तो निळा-पिवळ्याचा खेळ शूटिंगच्या वेळीच लाइटने केलेला, कलरमध्ये नंतर ओतलेला नाही. आमच्याकडे काय होतं? मळब. मळबात उजेड सगळीकडून सारखा येतो, चेहऱ्यावर तोच, भिंतीवर तोच, मागच्या माडावर तोच. कलरिस्टने रेफरन्स बघून शॅडोमध्ये निळा टाकला, पण मळबातल्या फ्रेममध्ये वेगळी अशी शॅडो फारशी नसतेच, सगळं मधल्या उजेडात गोळा झालेलं असतं, आणि पडवीत बसलेल्या सावळ्या माणसाचा चेहरा तर मधल्याच्याही खाली, बरोबर जिथे निळा टाकला तिथेच. म्हणून भिंत निळी, काकीही निळ्या. त्याने माझं ऐकलं म्हणूनच ते तसं झालं, ही खरी गंमत.

तर तपासायची पहिली गोष्ट ही: रेफरन्स फ्रेममधला उजेड आणि आपला उजेड एकाच जातीचा आहे का. सावली कडक आहे की नाहीच, उजेड एका बाजूने येतोय की डोक्यावरून, फ्रेममध्ये दिवा-चूल काही आहे का. जात जुळत नसेल तर ती फ्रेम कितीही आवडो, फोल्डरातून बाहेर. 23 मधून माझ्याकडे उरल्या सहा, त्यातली एक नंतर काढली.

दुसरं, रंग नक्की कुठे आहे ते शोधायचं. यासाठी मी आता एक साधी ट्रिक करते. फ्रेममध्ये पांढरी असणारच अशी एखादी वस्तू बघायची, धोतर, शर्ट, पिकलेले केस, आणि फोटो उघडणाऱ्या कुठल्याही अ‍ॅपमधल्या कलर पिकरने तिथले लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे बघायचे. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले तर पांढरा पांढराच आहे, म्हणजे फ्रेमवर निळ्याचा थर दिलेला नाही, तुम्हाला जो निळा दिसतोय तो त्या जागेतल्या वस्तूंचा किंवा उजेडाचा आहे. माझ्या सगळ्यात लाडक्या 'निळ्या' फ्रेममध्ये दोरीवरच्या शर्टाचे आकडे आले 214, 213, 209. म्हणजे पांढराच, उलट किंचित पिवळसर. आणि आमच्या पहिल्या ग्रेडमध्ये काकींच्या केसांवर? 171, 184, 203. लाल आणि निळ्यात 32 चा फरक, डोक्यावर निळ ओतल्यासारखा. आकडे कलरिस्टला पाठवायची गरज नाही, स्क्रीनशॉटमध्ये ते थोडे इकडेतिकडे झालेलेच असतात, पण मला स्वतःला कळायला पुरे झाले की मी जे मागत होते ते माझ्याच रेफरन्समध्ये नव्हतं.

आता तिसरं कारण, सांगायला लाज वाटतेय. माझ्या फोनवर संध्याकाळी सातनंतर डोळ्यांना त्रास नको म्हणून स्क्रीन पिवळी करणारी सेटिंग आपोआप चालू व्हायची. मी रफ कट रात्रीच बघायचे, दिवसा वेळ कुठे. म्हणजे दोन महिने मी माझी फिल्म पिवळ्या काचेतून बघत होते आणि म्हणून मला सारखं वाटत होतं की 'थोडं कूल' पाहिजे! चारही वेळा पहिल्या ग्रेडला निळा का येत होता याचं अर्धं उत्तर इथेच होतं. त्यामुळे रेफरन्स निवडताना आणि ग्रेड तपासताना ती सेटिंग बंद, फोनच्या डिस्प्लेमधला भडक मोड असेल तर तोही बंद, खोलीतल्या उजेडाप्रमाणे रंग बदलणारं जे काही असेल ते पण बंद. आणि पडवीत भर दुपारी ग्रेड बघायचा नाही. कलरिस्ट अंधाऱ्या खोलीत बसून बघतो, बाहेरच्या उजेडात तेच चित्र काळंकुट्ट दिसणार आणि तुम्ही उगाच 'ब्राइट कर' लिहिणार.

हे झाल्यावर शब्दांकडे आले. 'मूडी' म्हणजे मला काय हवं होतं, हे मला स्वतःलाच धड सांगता येईना. म्हणून आमच्याच चार फ्रेम घेतल्या, ग्रेड न केलेल्या, फक्त लॉगमधून Rec.709 मध्ये आणलेल्या, म्हणजे फिकट धुरकट नाही पण कसला लूकही नाही अशा. त्या समोर ठेवल्या आणि ठरवलं की भावनेचा एकही शब्द लिहायचा नाही, फक्त वस्तूंची नावं घ्यायची: आभाळ, चेहरा, चिरा म्हणजे भिंतीचा जांभा दगड, तरवा म्हणजे लावणीची भातरोपं. कुठली वस्तू आधी दिसली पाहिजे, कुठली मागे गेली पाहिजे.

असं बघितल्यावर कळलं की मला रंगाचा प्रॉब्लेम नव्हताच एवढा, आभाळाचा होता. मळबात फ्रेममधलं सगळ्यात उजळ काय असतं तर आभाळ, पांढरंफटक, वरच्या पट्टीत, आणि डोळा तिकडेच पळतो. चेहरा खाली अंधारात. मला हवं होतं ते उलटं. 'मूडी'चा अर्थ एवढाच निघाला: आभाळ खाली आण, ढगांच्या कडा दिसू देत, चेहरा त्याच्या खालोखाल उजळ ठेव, आणि पडवीचा कोपरा काळा असू दे पण इतका की भिंतीला टेकलेला कोयता कळतो, त्याची धार कळत नाही. हे वाक्य वाचून कलरिस्ट म्हणाला हे आधी का नाही लिहिलंस, मला किती खाली जायचं ते यातून कळलं.

हिरव्याचं जास्त गुंतागुंतीचं होतं. 'कोकणचा हिरवा पॉप' लिहिलं की समोरचा सॅच्युरेशन वाढवणार, त्याची काय चूक. पण जुलैत आमच्याकडे हिरवा एक नसतोच. तरवा पोपटी असतो, त्यात पिवळा भरपूर, आणि मागे आंबा-फणसाची झाडं जुन्या पानांची, जवळजवळ काळपट हिरवी. ह्या दोघांमधलं अंतर म्हणजेच लावणीचा रंग. सॅच्युरेशन सरसकट वाढवलं की दोन्ही भडकतात आणि एकमेकांच्या जवळ सरकतात, मग शेत आणि झाडी मिळून एकच प्लास्टिकचा पडदा दिसतो, पर्यटनाच्या जाहिरातीतला. दुसऱ्या ग्रेडमध्ये 'वॉर्म' मागितल्यावर तर झाडंही पिवळी झाली होती आणि पोपटी संपलाच. म्हणून आता लिहिलं की तरवा आहे तसा राहू दे, मागची झाडी अजून गडद कर आणि पिवळ्यापासून लांब ने, पॉप त्यातूनच येईल.

अंधेरीत बसलेल्या कलरिस्टला तरवा म्हणजे काय हे माहीत असेलच असं नाही, त्याला नव्हतं. त्याला पानाचा फोटो काढून पाठवायच्या फंदात पडू नका, फोनचा कॅमेरा हिरव्याचं आपल्या मनाने काहीतरी करून टाकतो. त्यापेक्षा आपल्याच फ्रेमवर बाण काढायचा: हा तरवा, ही झाडी.

चिऱ्याचंही तसंच. सुका चिरा विटकरी, पण पावसात भिजला की काताच्या रंगाकडे जातो, तांबडा-तपकिरी, जड. त्यात निळा मिसळला की तो वांग्याकडे झुकतो. मला हे आधी शब्दात सांगता येत नव्हतं, फक्त 'भिंत चुकतेय' एवढं वाटायचं. आता ती भिंत माझी खूण झालीय, कुठलाही ग्रेड आला की आधी चिरा बघते, तो जांभळट असेल तर फ्रेम थंड गेलेली आहे, नारिंगी असेल तर गरम, बाकी काही बघायची गरज नाही. तुमच्याकडे चिरा नसेल तर असं काहीतरी शोधा ज्याचा ओला रंग तुम्हाला झोपेतही आठवतो, होडीचं लाकूड, कौलं, काहीही.

दुसरं ब्रीफ असं गेलं. पूर्ण देतेय, कारण मला कुणी असं आख्खं दाखवलं असतं तर माझे चार पावसाळे वाचले असते.

"आपल्या चार फ्रेम जोडल्यात, नावातच टाइमकोड आहे. `A1_padvi_00-02-14.png` ही मुख्य, ही जमली की बाकीच्या हिच्याशी जुळव.

A1, पडवी: सगळ्यात आधी काकींचा चेहरा दिसला पाहिजे, मग बाहेरचा पाऊस. आत्ता उलटं होतंय. त्यांचे केस पांढरेच हवेत, निळे नाहीत पिवळे नाहीत. कोपऱ्यातला कोयता कळेल एवढा अंधार. मागची भिंत ओल्या चिऱ्याची आहे, तांबडी-तपकिरी, जांभळट नको.

A2, लावणी: बाण काढलेत. तरवा पोपटी राहू दे. मागची झाडी काळपट हिरवी. बायकांच्या साड्यांचे रंग मुद्दाम वाढवू नकोस, त्या दिसतातच. आभाळात ढगांच्या कडा हव्यात, निघत असतील तर.

A3, बांधावरचं पाणी: पाणी आभाळाच्या रंगाचं, म्हणजे करडं. निळं करू नकोस, पावसात आमच्याकडे पाणी निळं नसतं, गढूळ तांबडं नाहीतर करडं.

A4, तिन्हीसांजा, खळ्यात: इथे थोडा निळा चालेल, कारण तेव्हा खरंच होता. फिल्ममध्ये निळा फक्त इथेच.

रेफरन्स पाच आहेत. R1 मधून फक्त आभाळ किती खाली आहे ते घे, रंग सोडून दे. R2 मधून चेहरा आणि मागचं यातला फरक घे, पण तिथे बाजूने उजेड आहे, आपल्याकडे नाही, तेवढं नाही जमणार माहीत आहे. R3 मधले दोन हिरवे बघ. R4 मधला काळा बघ, अगदी काळा नाहीये, किंचित धुरकट आहे, तेवढाच हवा. R5 नको असलेलं उदाहरण आहे, असा हिरवा झाला तर मला सांग मी रडते.

शंका असेल तर चेहरा सांभाळ, हिरवा गेला तरी चालेल."

यातल्या दोन गोष्टींनी सगळ्यात जास्त काम केलं असं त्यानेच नंतर सांगितलं. एक म्हणजे प्रत्येक रेफरन्सपुढे काय घ्यायचं आणि काय सोडायचं, कारण ते नसलं की तो फ्रेममधलं सगळंच जुळवायला बघतो, रंग, काळा, चित्रातले दाणे, सगळं. आणि दुसरी ती शेवटची ओळ. ग्रेडिंगमध्ये दोन मागण्या एकमेकींच्या आड येतातच, तेव्हा कुठली सोडायची हे आधीच सांगितलेलं असेल तर तो थांबून राहत नाही की स्वतःच्या मनाने ठरवत नाही. R5 सारखं नको असलेलं उदाहरणही एक तरी द्याच, हवं ते सांगताना आपण चुकतो, नको ते सांगताना सहसा चुकत नाही.

फ्रेम पाठवताना एक बारीक गोष्ट: व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून टाकू नका, तिथे चित्र दाबून बारीक होतं, गडद भागात चौकोन दिसायला लागतात आणि समोरचा तो मळकट काळा तुमची मागणी समजतो. डॉक्युमेंट म्हणून टाका नाहीतर ड्राइव्हवर ठेवा.

चार दिवसांनी आधी फक्त चार फ्रेम परत आल्या, आख्खी फिल्म नाही, हे मीच मागितलं होतं. मुख्य फ्रेम दोघांना पटल्याशिवाय पुढचे दोनेकशे शॉट करायला लावणं म्हणजे त्याचा वेळ आणि माझे पैसे, दोन्ही पाण्यात. A2, A3 पहिल्या फटक्यात बरोबर. A4 मध्ये निळा जास्त, पण तो कमी करणं सोपं. A1 मात्र अडला. चेहऱ्यावर हिरवट झाक होती, गालाच्या खालच्या बाजूला, आणि ती ग्रेडची नव्हती, पडवीसमोर पोफळीची बाग आहे, उजेड पानांतून गाळून येतो तो हिरवा होऊनच येतो. शूटला डोळ्यांना कळलं नाही कारण डोळे सवय करून घेतात, कॅमेरा घेत नाही. त्याने हिरवा मारायला मॅजेंटा टाकला तर चेहरा सुधारला, पण चिरा गुलाबी झाला. शेवटी चेहऱ्यापुरता मास्क काढून, काकी हलतील तसा तो ट्रॅक करून फक्त तिथला हिरवा काढला. असे पडवीचे अकरा शॉट, त्यात अर्धा दिवस गेला आणि तो बिलात आला, बरोबरच आहे. पुढच्या वेळी पोफळीखाली बसवलं तर व्हाइट बॅलन्स तिथेच पांढऱ्या कार्डावर घेईन, निदान सुरुवात तरी बरी होईल.

आता माझ्या नोट्ससुद्धा बदलल्यात. आधी लिहायचे 'सॅच्युरेशन 10 टक्के कमी', जसं काही मला तिथून कळतंय 10 टक्के म्हणजे किती. आता फक्त काय दिसतंय ते लिहिते, टाइमकोडसकट: "06:41, काकींच्या आधी लाल बादली दिसते." बादलीचं काय करायचं, रंग उतरवायचा की काळोखात ढकलायची की काकींना उजळ करायचं, ते तो बघेल. त्याने चेहरा किंचित उजळ केला आणि बादलीला हातही लावला नाही, मला हे सुचलं नसतं.

पूर्ण फिल्म आली तेव्हा दोनच फेऱ्या लागल्या. मॅकवर क्विकटाइममध्ये उघडली तर मला परत धुतल्यासारखी फिकट वाटली आणि लिहायलाच बसले होते, पण तो प्लेअरचा गॅमाचा जुना घोळ आहे, कलरिस्टने पाठवलेली स्टिल शेजारी ठेवून, दुसऱ्या प्लेअरमध्ये उघडून आधी खात्री करा, मगच ओरडा.

ड्रोनचे सहा शॉट मात्र नाही सुधारले. ते 8 बिट होते, म्हणजे एका रंगाला 256 पायऱ्या, 10 बिटमध्ये 1024 असतात, आणि मळबाचं आभाळ म्हणजे त्यातल्या अगदी थोड्या पायऱ्यांत मावलेला करडा. तो खाली ओढला की पायऱ्या उघड्या पडतात, आभाळात पट्टे दिसतात. थोडे दाणे टाकून पट्टे झाकायचा प्रयत्न केला, दोन शॉटमध्ये चाललं, दोन तसेच उजळ आभाळाचे ठेवले, उरलेले दोन काढून टाकले. ब्रीफमध्ये मी 'निघत असतील तर' लिहिलं होतं ते अशाच ठिकाणी उपयोगी पडलं.

काकींना परत दाखवली, यावेळी रात्री, माजघरात, फोनवर नाही लॅपटॉपवर. स्वतःच्या चेहऱ्याबद्दल काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "तरवो बरो दिसता, पण त्या कोपऱ्यातलो कोयतो माझो न्हय, शेजाऱ्याचो आसा, परत देवक व्हयो."